व्हिसाच्या पानावरच्या तारखा आणि कामाची अट

(नागपुरात पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

जर्मनीत शिकायला निघालेल्या मुलाच्या पासपोर्टात व्हिसाचा स्टिकर लागला की त्याचा फोटो आधी घरच्यांकडे येतो. मग तो माझ्यासारख्या भाषांतर करणाऱ्याकडे पाठवला जातो आणि पाठोपाठ प्रश्न येतो, "मॅडम, सहाच महिने लिहिले आहेत, संपल्यावर पोराचं काय करायचं तं?" शिक्षणासाठीच्या या दीर्घ मुदतीच्या व्हिसावर प्रकाराच्या रकान्यात डी लिहिलेलं असतं. 'पासून' आणि 'पर्यंत' या रकान्यांतल्या तारखा त्या स्टिकरच्या आहेत, अभ्यासक्रमाच्या नाहीत. मुलाने तिथे पोचल्यावर पत्त्याची नोंदणी करायची आणि 'पर्यंत'ची तारीख उलटण्याआधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात निवास परवान्यासाठी अर्ज करायचा. वेळेत अर्ज केलेला असेल, तर निर्णय होईपर्यंत आधीचा हक्क साधारणपणे चालू राहतो. म्हणून ही शेवटची तारीख अचूक वाचणं महत्त्वाचं, आणि फोटोत नेमकी तीच धूसर येते.

स्टिकरवरची चमकणारी सुरक्षा-चित्रं फ्लॅशमध्ये उजळतात आणि अंक पुसल्यासारखे दिसतात. समजा, शेवटची तारीख 31-03-25 आहे की 31-08-25 हेच कळत नाही. अशा वेळी तळाच्या दोन ओळी बघायच्या. यंत्रासाठी छापलेल्या या ओळींत प्रत्येकी 36 खुणा असतात. दुसऱ्या ओळीत राष्ट्रीयत्व, जन्मतारीख आणि लिंगाचं अक्षर झालं, की शेवटची तारीख येते. इथे ती उलटी असते, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. तिला लागून एक तपासणी अंक असतो. आपल्या उदाहरणात समजा ही सात घरं अशी दिसतात, आणि चौथं घर पुन्हा धूसर आहे:

```
250?310
```

पहिल्या सहा अंकांना क्रमाने 7, 3, 1, 7, 3, 1 ने गुणायचं, बेरीज करायची आणि तिचा एकम स्थानचा अंक घ्यायचा. धूसर घरात 3 धरला तर 14, 15, 0, 21, 9 आणि 1, म्हणजे 60, तपासणी अंक 0. 8 धरला तर बेरीज 95, तपासणी अंक 5. छापलेला अंक 0 आहे, म्हणजे तारीख मार्चची. तरीही भाषांतरात मी वरच्या रकान्यापुढे 'अंक अस्पष्ट, तळाच्या ओळीवरून वाचला' असं लिहिते, कारण वरचा अंक मी पाहिलेला नाही. खरं तर पासपोर्ट सपाट ठेवून, फ्लॅश बंद करून, खिडकीशी फोटो काढला आणि व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला, तर एवढा गुणाकार करावाच लागत नाही.

आता शेरा. इथे कामाची अट असते आणि इथेच भाषांतर फसतं. जर्मन कायद्यात 'एर्व्हेर्ब्सटेटिखकाइट' म्हणजे कमाईचं कोणतंही काम, स्वतःचा व्यवसायसुद्धा. 'बेशेफ्टिगुंग' म्हणजे कुणाकडे तरी नोकरी. दोन्हींना नुसतं 'काम' लिहिलं, तर नोकरीची मुभा असलेल्या मुलाला वाटेल की नागपूरच्या पोरांना ऑनलाइन शिकवण्या घ्यायलाही हरकत नाही. स्वतंत्र कामाला वेगळी परवानगी लागते.

दिवसांची मोजणीही लक्षात ठेवा. 1 मार्च 2024 पासून विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस नोकरी करता येते. आधी हे आकडे 120 आणि 240 होते. चार तासांपर्यंतचं काम म्हणजे अर्धा दिवस. मुलगा आठवड्यात तीन दिवस पाच-पाच तास कॅफेत राबला, तर दिवसांच्या हिशेबाने तीन दिवस खर्ची पडले. पण वर्ग चालू असताना आठवड्याला 20 तासांपर्यंतचं काम अडीच दिवस धरण्याचीही सोय आहे, आणि जो हिशेब मुलाच्या फायद्याचा, तो लागू होतो. विद्यापीठातली विद्यार्थी-सहायकाची कामं या मर्यादेत मोजली जात नाहीत.

जुन्या पानावर 120 छापलं असेल, तर भाषांतरात 120च. आजचा नियम सांगायचा असेल, तर वेगळ्या टिपेत सांगावा. काही जण थेट आकडा 'दुरुस्त' करून देतात. मला हे मान्य नाही. पानावर नाही ते भाषांतरात आलं, की कागद खोटा ठरू शकतो.

जाता जाता, मुलाला भेटायला निघालेल्या आईवडिलांसाठी. तुमचा व्हिसा सी प्रकारचा. त्यावर 'पासून-पर्यंत' या तारखांमधलं अंतर राहण्याच्या दिवसांपेक्षा बहुधा मोठं असतं, कारण त्यात 15 दिवसांची सवड धरतात. राहायचं ते 'दिवस' या रकान्यातल्या आकड्याइतकंच, आणि उतरल्याचा व निघाल्याचा दिवस दोन्ही त्यात धरून.