पांढरं दिसलं म्हणजे भुरीच असं नाही, पान उलटून बघा

(कॅमेऱ्यासमोर, हातात द्राक्षाचं पान)

राम राम मंडळी. स्क्रीनवरचा हा फोटो बघा. निफाडकडची थॉमसनची बाग, गोडी छाटणीला तीस दिवस झालेले, घड अजून फुलोऱ्यात यायचाय आणि त्यावर पांढरी लव. दादांनी फोन केला, "भुरी आलीय, दोनदा गंधक मारलं, तरी थांबेना." ती भुरी नव्हती, डावणी होती. गंधक भुरीवर चालतं, डावणीवर त्याचा उपयोग होत नाही. तेवढ्या दिवसांत कितीतरी घड गेले, याचं मला आजही वाईट वाटतं.

मी त्यांच्याकडे त्याच वेलीच्या एका पानाचे दोन फोटो मागितले, एक वरून आणि एक खालून. वरून पिवळसर तेलकट डाग दिसत होता. पान उलटलं, तर बरोबर त्याच डागाच्या खाली कापसासारखी पांढरी बुरशी, बाकी पान स्वच्छ.

(पान उलटून कॅमेऱ्याजवळ)

असं का होतं? डावणी पानाच्या आत वाढते आणि बाहेर पडायला तिला पर्णरंध्रं लागतात. द्राक्षाच्या पानाला ती खालच्याच बाजूला असतात. भुरी पानाच्या पृष्ठभागावरच पसरते, त्यामुळे राखेसारखी पूड वरही दिसते आणि खालीही. बोटानं पुसली की खाली बहुतेक हिरवं पान निघतं. डावणी पुसली तरी पिवळा किंवा तपकिरी डाग तसाच राहतो. पुसण्याआधी आणि पुसल्यावर, असे दोन्ही फोटो काढा.

फोटो सकाळी लवकर घ्या. डावणीची लव रात्रीच्या दमट हवेत येते, उन्हं चढली की सुकून बसते. पान सावलीत तिरकं धरा, म्हणजे लव उठून दिसेल.

आता घड. डावणी लागलेला कोवळा घड आकड्यासारखा वाकतो, तपकिरी पडतो, वाळतो. भुरीत मण्यांवर करडी पूड बसते. पुढे साल वाढायची थांबते, आतला गर वाढत राहतो आणि मणी तडकतो. तडकण्याआधी सालीवर जाळीसारखे तपकिरी व्रण दिसतात. फोटोत देठ आलाच पाहिजे, कारण मणी मोठे झाल्यावर त्यांची रंध्रं बंद होतात. मग डावणी देठातून आत शिरते, मणी तपकिरी होऊन सुरकुततो आणि पांढरं काहीच दिसत नाही. अशा वेळी नुसत्या मण्याच्या फोटोवरून मी कधीच निदान सांगत नाही.

पानावर तेलकट डाग आहे पण खाली लव नाही, असं असेल तर ते पान ओल्या कागदासोबत पॉलिथिनच्या पिशवीत बांधून रात्रभर अंधारात ठेवा. सकाळी डागाखाली पांढरी लव आली, तर डावणी नक्की. नाही आली, तरी डावणी नाही असं समजू नका. डाग जुना असेल किंवा आधीच्या फवारणीनं दबला असेल, तर लव येत नाही. मग शेजारच्या वेलीवरचा ताजा डाग शोधून तो ठेवून बघा.