शेंगा चटणीची लाइन: 420 मिनिटांचा हिशेब

[दृश्य: सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी. सकाळी सातची वेळ. पाऊच मशीनच्या हॉपरमध्ये शेंगा चटणी पडतेय.]

चटणी कांडून, गार होऊन आली की ती या मशीनवर येते. वरून छापील फिल्मचा रोल उतरतो, फॉर्मरवरून वळून त्याची नळी होते. आतला ऑगर, म्हणजे मळसूत्री दांडा, फिरून चटणी सोडतो, खाली गरम जॉ, म्हणजे सील करणारे जबडे, मिटतात आणि पाऊच कापून खाली पडतो. 200 ग्रॅमच्या पाऊचला या मशीनचा वेग मिनिटाला 40, म्हणजे एका पाऊचला दीड सेकंद.

या लाइनची ओईई, ओव्हरऑल इक्विपमेंट इफेक्टिव्हनेस, काढायची, म्हणजे एकच प्रश्न विचारायचा: मशीनला दिलेल्या वेळात जितके चांगले पाऊच निघू शकले असते, त्यातले प्रत्यक्षात किती निघाले?

हिशेबासाठी एक नमुना पाळी घेऊ. पाळी 8 तासांची, म्हणजे 480 मिनिटं. जेवणाची अर्धा तास सुट्टी आणि दोन चहा मिळून 60 मिनिटं वजा केली, की उरतात 420. पुढचा सगळा हिशेब या 420 मिनिटांचा. आदल्या दिवशी 100 ग्रॅम चालू होतं, आज 200 ग्रॅम घ्यायचंय, त्या बदलात सकाळची 42 मिनिटं गेली. दुपारी जॉचा हीटर गेला, तो बदलायला 24 मिनिटं. रोल बदलणं आणि तारीख छापणाऱ्या कोडरची कुरबुर यांत मिळून 18. एकूण 84 मिनिटं मशीन थांबलं, 336 मिनिटं चालू राहिलं. 336 भागिले 420, म्हणजे अव्हेलेबिलिटी 80 टक्के.

336 मिनिटांत, मिनिटाला 40 प्रमाणे, 13,440 पाऊच पडायला हवे होते. काउंटर दाखवतो 10,080. परफॉर्मन्स 75 टक्के.

या 10,080 पैकी 252 पाऊच बाद झाले, 9,828 चांगले. क्वालिटी 97.5 टक्के.

[दृश्य: फळ्यावर खडूने]

```
0.80 × 0.75 × 0.975 = 0.585
9828 ÷ (420 × 40)   = 0.585
```

ओईई 58.5 टक्के. दुसरी ओळ ताळ्यासाठी आहे. दोन्ही आकडे जुळले नाहीत, तर कुठेतरी मिनिटं दोनदा धरली गेलीत किंवा सुटली आहेत. फोडून पुन्हा भरलेला पाऊच चांगल्यात मोजायचा नाही. तो पहिल्या खेपेला बाद झालाय, आणि त्याची फिल्म नि मशीनची वेळ दोन्ही गेली.

आता हे तीन आकडे वाचायचे कसे?

फळ्याकडे पाहून बहुतेकांची नजर आधी हीटरवर जाते. मेंटेनन्सवाला पळत आला होता, सगळ्यांनी पाहिलं होतं. पण थांबलेल्या 84 मिनिटांतली निम्मी मिनिटं साइज बदलण्यात गेलीत, ती बिघाडात नाहीत. फॉर्मर उतरवणं, दुसरा चढवणं, फिल्म ओवणं, फिल्मवरची आय-मार्कची खूण वाचणारा सेन्सर जुळवणं, जॉ तापायची वाट बघणं. यात एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. पाऊचची रुंदी फॉर्मर ठरवतो, लांबी मात्र फिल्म किती ओढली जाते त्यावर ठरते. 100 आणि 200 ग्रॅमची रुंदी एकच ठेवून फक्त लांबी बदलली, तर फॉर्मर उतरवावाच लागत नाही. हा निर्णय पाऊचचं डिझाइन करताना घ्यायचा असतो. नंतर पाना हातात घेऊन ती वेळ फारशी वाचत नाही.

मोठी गळती मात्र परफॉर्मन्समध्ये आहे, आणि ती रजिस्टरमध्ये कुठेच नोंदलेली नाही. 3,360 पाऊच कमी पडले. 40च्या वेगाने ती 84 मिनिटं होतात. बंद पडण्यात जितकी वेळ गेली तितकीच इथेही गेली, आणि कोणी पाहिली नाही.

[दृश्य: ऑपरेटरचा हात हॉपरच्या बाजूवर थाप मारतो. मशीन पुन्हा सुरू.]

त्या 84 मिनिटांचे दोन भाग आहेत. मशीन 40 वर नव्हतं, 35 वर लावलेलं होतं. 35च्या वेगाने 10,080 पाऊच पडायला 288 मिनिटं लागतात. म्हणजे 336 पैकी 48 मिनिटं मशीन अर्धा-अर्धा, एक-एक मिनिट थांबत होतं आणि उरलेली 36 मिनिटं कमी वेगाने खाल्ली.

छोटे थांबे शोधायला वही आणि घड्याळ पुरतं. अर्धा तास मशीनशेजारी उभं राहायचं, प्रत्येक थांब्याला एक रेघ आणि कारण. चटणीत शेंगदाण्याचं तेल आहे. उन्हाळ्यात सोलापुरात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा तेल सुटतं, चटणीचे गोळे होतात आणि हॉपरमध्ये कमान धरते. ऑगर रिकामा फिरतो, वजन कमी येतं, ऑपरेटर थाप मारतो. सकाळच्या नि दुपारच्या रेघा वेगळ्या मोजल्या, तर हे वहीतच दिसतं.

आणि वेग 35 का? इथे क्वालिटीकडे परत यावं लागतं. 97.5 टक्के आकडा बरा दिसतो, पण तो वेग कमी करून मिळवलेला आहे. ऑगर थांबला तरी चटणीची थोडी भुकटी मागून पडत राहते. जॉ मिटताना ती सीलच्या पट्टीत सापडली, की तिथे फिल्म फिल्मला चिकटत नाही. असा पाऊच पाण्यात धरून दाबला, की बारीक बुडबुड्यांची रांग निघते. वेग 35 वर आणला, की एका पाऊचला दीडऐवजी सुमारे 1.7 सेकंद मिळतात. त्या जादा वेळात भुकटी खाली बसते, जॉलाही थोडा दाब धरायला मिळतो. ऑपरेटरने विचार करूनच वेग उतरवलाय. दोष भुकटीचा, पण नुकसान परफॉर्मन्सच्या खात्यावर पडलं.

म्हणून आदर्श वेग म्हणून 35 धरायचा मोह टाळावा. तसं केलं तर याच पाळीची ओईई 66.9 टक्के दिसेल, आणि पेटीत एकही पाऊच जास्त जाणार नाही.

क्वालिटीतले 252 पाऊचसुद्धा दोन ढिगांत ठेवावेत. साइज बदलल्यावर सुरुवातीला पडलेले एका ढिगात, चालू उत्पादनातले लीकेजवाले दुसऱ्यात. पहिला ढीग जॉ पूर्ण तापायच्या आत मशीन सुरू केल्याचा. दुसऱ्या ढिगातला प्रत्येक पाऊच उजेडात धरून सील पाहायचं. पट्टीत लालसर कण दिसले तर भुकटी. कण नसून सील एकाच टोकाला कच्चं असेल, तर जॉ समांतर नाहीत किंवा त्या बाजूचं टेफ्लॉन कापड झिजलंय.

[दृश्य: फॉर्मिंग नळीच्या तोंडाशी बसवलेला छोटा शटर, शेजारी डस्ट सक्शनचा पाइप.]

भुकटीवर उपाय इथे आहे: ऑगरच्या टोकाला बंद होणारा शटर, नळीच्या तोंडाशी सक्शन आणि पाळीत ठरलेल्या वेळी पितळी ब्रशने जॉची सफाई. शटर बसवल्यावर वेग एकदम 40 वर न नेता आधी 37, मग 40. प्रत्येक टप्प्यावर अर्धा तास, दर पाच मिनिटांनी पाच पाऊच पाण्यात. बुडबुडे आले तर त्या वेगाची नोंद करून तिथेच थांबायचं आणि शटर किती उशिरा मिटतो ते बघायचं.