जाहिरात शिफ्ट इंजिनिअरची, अनुभव त्याहून वरचा: एचआरला काय सांगायचं?

नमस्कार. समजा, लोटे परशुरामच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीची जाहिरात आलीय. शिफ्ट इंजिनिअर हवाय, अनुभव 3 ते 5 वर्षं. तुम्हाला झालीत 9 वर्षं आणि तुमची नजर असिस्टंट मॅनेजरच्या जागेवर आहे. अर्ज करायचा का? करा, पण वरच्या पदाचं एचआरचा पहिला फोन येईल तेव्हाच बोला.

कारण असं, की जाहिरात येण्याआधीच त्या जागेची ग्रेड आणि पगाराची मर्यादा मंजूर झालेली असते. एचआरला ती एकटीने बदलता येत नाही. प्रॉडक्शन मॅनेजरने मागणी केली, तर वरून नव्याने मंजुरी घ्यावी लागते. ऑफर हातात आल्यावर तुम्ही हा विषय काढलात, तर झालेलं सगळं काम पुन्हा करायचं. तेव्हा बहुतेक जण पुढच्या उमेदवाराला फोन लावतात.

आता बोलायचं काय? ‘मला 9 वर्षं झालीत’ एवढ्याने भागत नाही. 9 वर्षं एकच काम केलेली माणसंही असतात. तुमच्या हाताखाली किती जण, कोणते निर्णय कुणाला न विचारता घेता, ते सांगा. असं:

‘मॅडम, शिफ्ट इंजिनिअरची जाहिरात बघितली. सध्या माझ्याकडे 4 रिअ‍ॅक्टर आणि 14 माणसं आहेत. रात्रपाळीत बॅच थांबवायची की चालू ठेवायची, हे मीच ठरवतो. वर्क परमिटवर सही माझी असते. गेल्या वर्षीचं ग्राहकाचं ऑडिट मी सांभाळलं. हे काम तुमच्याकडे असिस्टंट मॅनेजरच्या ग्रेडमध्ये बसतं का, एवढं प्रॉडक्शन मॅनेजरना विचाराल का?’

बघा, यात पगाराचा शब्द नाही. आधी पगार काढलात, की समोरच्याला वाटतं पदाचं फक्त निमित्त आहे. आणि आकडे खरेच सांगा. इंटरव्ह्यूत तुमच्या समोर प्लांटवरचीच माणसं बसलेली असतात, दोन प्रश्नांत पकडतील.

उत्तर बहुधा येतं, ‘आधी इंटरव्ह्यू तर द्या, मग बघू.’ इथे गप्प बसू नका. शिफ्ट इंजिनिअरला पंप ट्रिप झाला तर काय कराल, हे विचारतात. असिस्टंट मॅनेजरला महिन्याचं उत्पादन का घटलं, हे विचारतात. शिफ्ट इंजिनिअरच्याच प्रश्नांवर तुमची परीक्षा झाली, तर वरच्या पदासाठी तुम्हाला कुणी तपासलेलंच नसतं. म्हणून विनंती करा: ‘पॅनेलला हे इंटरव्ह्यूआधी कळवाल का?’ मग तेच चार मुद्दे ईमेलने पाठवा, म्हणजे मॅडमना ते जसेच्या तसे पुढे पाठवता येतील.

एचआरने उलट तुमच्या सध्याच्या ग्रेडबद्दल, तुम्ही कुणाला रिपोर्ट करता याबद्दल विचारलं, तर विषय पुढे सरकतोय असं समजा.

जागाच नाही, असं स्पष्ट सांगितलं तर? याचं उत्तर फोन घेण्याआधीच घरी ठरवून ठेवा. जाहिरातीतलं पद चालणार असेल, तर त्याच फोनवर तसं सांगा. चालणार नसेल, तर वरची जागा निघाल्यावर कळवायला सांगून तिथेच थांबा.