हाक कुणासमोर मारतात?

नमस्कार श्रोतेहो. अण्णा, अक्का, तम्मा ही नावं आज बाजूला ठेवू या. आपल्या बेळगाव, खानापूर, चिक्कोडीकडं मराठी घर असो की कन्नड, दर दोन दारांआड एखादा तम्मा असतोच. मला बोलायचं आहे ते वेगळ्या नावाबद्दल. एकाच माणसानं फक्त आपल्यासाठी शोधून काढलेलं नाव. ते मायेनं घेतलंय की आपली थट्टा चाललीय, हे ओळखायचं कसं?

माझा मावसभाऊ कॉलेज सोडून निपाणीत तंबाखूच्या एका वखारीत कारकून म्हणून लागला. पोरगं हिशेबाला पक्कं. बोद काट्यावर चढला की वजनाची चिठ्ठी, हमाली दिली की सही, सगळं कागदावर. पहिल्याच आठवड्यात दिवाणजींनी सगळ्यांना चहा मागवला आणि त्याच्याकडून पैसे देवविले. यानं लगेच वही पुढं केली, "दिवाणजी, चहाचं लिहून द्या." म्हातारा बघतच राहिला. मग म्हणाला, "चहाचीबी पावती पायजे व्हय रं तुला? पावतीच हाईस की तू!" झालं, त्या दिवसापासून तो पावती. (तो चहा कपबशीतला होता बरं का. हल्ली कागदी कपात घोटभर देतात, त्याला चहा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.)

मावसभाऊ घुमा. त्याला वाटलं, म्हातारा आपल्याला हिणवतोय. एका रविवारी आमच्याकडं आला आणि नोकरी सोडतो म्हणायला लागला. माझी आई भाकऱ्या थापत होती. तिनं तव्यावरची नजर न काढता विचारलं, "मालक समोर असला की काय म्हणतात तुला?"

"तेव्हा नावानं हाक मारतात. सदानंद म्हणतात."

"आणि बाहेरचा शेतकरी माल घेऊन आला की?"

"तेव्हाबी सदानंदच."

"मग पावती कधी?"

तो जरा थांबला. "दुपारी वखार शांत असली की. डबा उघडताना. ये रं पावती, खर्डा घे म्हणतात."

आई म्हणाली, "मग मुकाट्यानं खर्डा खा."

पुढं एकदा रोकड जुळेना. दिवाणजी आतून ओरडले, "सदानंदराव, जरा इकडं या." तो सांगतो, ते 'राव' ऐकून पाय लटपटले. पावती म्हणाले असते तर इतकं भ्यायला झालं नसतं. जवळच्या माणसाचा राग बऱ्याचदा असाच कळतो, लाडकं नाव जातं आणि पूर्ण नाव येतं.

खरी गंमत पुढं आहे. एका हमालानं ते नाव ऐकलं आणि तंबाखू निवडणाऱ्या बायकांसमोर सुरू केलं, "ए पावत्या, आज कुणाची पावती फाडलीस?" बायका हसायच्या, याचे कान लाल. दिवाणजींच्या कानावर गेलं. ते ओट्यावर येऊन हमालाला म्हणाले, "त्याला आईबापानं नाव ठेवलंय. तू त्या नावानं हाक मारायची." स्वतः मात्र दुपारी पुन्हा पावती!

म्हणून पहिली खूण हीच धरा. एकट्यात की चारचौघांत? फक्त हसणारी माणसं जमली की ज्याला तुमचं टोपणनाव आठवतं, त्याला तुमच्यापेक्षा ती माणसं हवी असतात. आणि नाव कशावरून पडलंय तेही बघा. दोघांच्यात घडलेल्या प्रसंगावरून असेल तर बरं. रंग, उंची, तोतरेपणा यांवरून असेल तर एकट्यात म्हटलं तरी ते बोचतंच. (नातवंडांना आजीच्या जिभेवर न वळणारी नावं ठेवतात आणि मग आजीनं सोपं नाव काढलं की सून रुसते. तिथं मी आजीच्या बाजूचा.)

पण एक सांगतो, निव्वळ टोपणनावावरून माया पक्की धरू नका. काही लोकांची ती खोडच असते, गल्लीतल्या कुत्र्यालाही तीन नावं. शिवाय वरच्या माणसानं खालच्याला नाव दिलं तर खालचा उलट देऊ शकतो का, हे पाहावं लागतं. आमचे दिवाणजी चष्मा कपाळावर सरकवून वखारभर चष्मा शोधायचे. सदानंद वर्षभरानं धीर करून म्हणाला, "कपाळावर हाय की, चष्मेबहाद्दर." दिवाणजींनी चष्मा खाली ओढला, त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "लिहून दे!"

तरीही नाव खुपत असेल, तर त्या माणसाला एकट्यात गाठा आणि सरळ सांगा, "मला हे नाव नको वाटतं." चारचौघांत सांगू नका, तिथं तो हसण्यावारी नेईल. माया असेल तर तो चुकून एकदोनदा म्हणेल, जीभ चावेल, आणि सोडेल. "एवढं काय मनाला लावून घेतोस" म्हणत दुसऱ्या दिवशी मुद्दाम मोठ्यानं हाक मारली, तर मग त्या हाकेला ओ देऊ नका. नमस्कार.