जुना आकडा, नवा आकडा

[दृश्य: पडदाभर शीट. ओळी वेगाने वर सरकतात, थांबतच नाहीत.]

ही शीट एका सरावाच्या अकाउंटची आहे. २६० ओळी, आणि प्रत्येक ओळ म्हणजे गूगल ॲड्समधलं एक कॅम्पेन. सगळी कॅम्पेन पॉज करून ठेवली आहेत, त्यामुळे पुढच्या काही मिनिटांत जे बिघडेल त्यात कुणाचा पैसा जाणार नाही.

काम नेहमीचंच आहे. समजा, सेल जवळ आलाय. सगळ्या कॅम्पेनचं रोजचं बजेट २० टक्क्यांनी वाढवायचं, कीवर्डची बिड तेवढीच वर न्यायची आणि जाहिरातींतला मजकूर बदलायचा. एकेक कॅम्पेन उघडून हे करायला बसलं तर सेल संपेल. म्हणून कुणी शीट भरून अपलोड करतं, कुणी ॲड्स एडिटरमध्ये सीएसव्ही ओढतं, कुणी स्क्रिप्ट लिहितं. आपण स्क्रिप्टच्या मागे जाऊ, कारण कॅमेऱ्यात तीच सगळ्यात चांगली सापडली आहे.

[दृश्य: कोडचा क्लोजअप. कर्सर चौथ्या ओळीवर.]

```
const it = AdsApp.campaigns().get();
while (it.hasNext()) {
  const b = it.next().getBudget();
  b.setAmount(b.getAmount() * 1.2);
}
```

आत्ता असेल ते बजेट घ्या, १.२ ने गुणा, परत लिहा. व्याकरणात चूक नाही, गणितातही नाही. हिच्याच पुढे त्या त्या कॅम्पेनचे कीवर्ड घेऊन त्यांची बिड वाढवणाऱ्या ओळी जोडल्या आहेत. कीवर्ड हजारोंनी आहेत, आणि एका अकाउंटवर चालणाऱ्या स्क्रिप्टला वेळ मिळतो ३० मिनिटांचा.

[दृश्य: स्क्रिप्ट चालू. लॉगमध्ये कॅम्पेनची नावं पडत आहेत. मग लॉग थांबतो.]

१७० कॅम्पेन पूर्ण झाली आणि वेळ संपली. आता हे नीट बघा, कारण पुढचं सगळं यावर आहे: स्क्रिप्ट अर्ध्यावर तुटली म्हणून झालेले बदल मागे फिरत नाहीत. बँकेच्या व्यवहारासारखं ‘सगळं किंवा काहीच नाही’ इथे नसतं. १७० कॅम्पेनचं बजेट वाढलेलं आहे, ९० जशीच्या तशी आहेत.

स्क्रीनसमोर बसलेली बाई हे अकाउंट सांभाळते. काम अर्धवट राहिलंय, ती पुन्हा ‘रन’ दाबते.

[दृश्य: बजेटचा रकाना. ५००, मग ६००, मग ७२०.]

पहिल्या फेरीत ५००चे ६०० झाले होते. दुसऱ्या फेरीत ६००चे ७२०. यादीतली पहिली कॅम्पेन ४४ टक्क्यांनी वाढली, आणि या फेरीचीही ३० मिनिटं तिथेच खर्ची पडली, त्यामुळे शेवटची ९० अजून ५००वरच आहेत. एरर नाही, लाल खूण नाही, मेल नाही. ७२० हा बजेट म्हणून अगदी वैध आकडा आहे.

खऱ्या अकाउंटात याचं काय होतं? एखाद्या दिवशी गूगल रोजच्या बजेटच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकतं, आणि दुपारी आकडा खाली आणला तरी त्या दिवसाची मर्यादा दिवसभरातल्या सर्वात मोठ्या आकड्यावरून धरली जाते. पैसे गेले. पुढे.

[दृश्य: नवी, कोरी शीट. रकान्यांची नावं टाइप होतात.]

उपाय चार रकान्यांचा आहे. कॅम्पेनचा आयडी, जुनं बजेट, नवं बजेट, आणि स्थिती.

जुनं बजेट अकाउंटातून एकदाच काढलं जातं. नवं बजेट शीटमध्येच सूत्राने निघतं, पण निघालं की ते सूत्र तिथे ठेवायचं नाही. बाई पूर्ण रकाना कॉपी करते आणि त्याच जागी फक्त व्हॅल्यू पेस्ट करते. सूत्र राहिलं आणि उद्या कुणी जुन्या बजेटचा रकाना ताजा केला, तर २० टक्क्यांवर २० टक्के पुन्हा चढणार. गुणाकार व्हायचा तो माणसाच्या डोळ्यांसमोर आणि एकदाच व्हावा. स्क्रिप्टने गुणायचं नाही, फक्त ठरलेला आकडा नेऊन ठेवायचा.

[दृश्य: नवा कोड. कॅमेरा एकेका ओळीवर थांबतो.]

```
const now = b.getAmount();
if (near(now, newAmt)) status = 'DONE';
else if (!near(now, oldAmt)) status = 'CHANGED';
else { b.setAmount(newAmt); status = 'WRITTEN'; }
```

लिहिण्याआधी स्क्रिप्ट अकाउंटातलं आत्ताचं बजेट वाचते. ते नव्या आकड्याएवढं असेल तर काम आधीच झालंय, हात लावायचा नाही. जुन्याएवढं असेल तर नवा आकडा लिहायचा. आणि दोन्हींशी जुळत नसेल, तर मधल्या वेळात कुणीतरी तो बदललाय, तेव्हा ती ओळ बाजूला काढायची. `near` हे छोटं फंक्शन ०.०१पर्यंतचा फरक माफ करतं, नाहीतर दशांशाच्या खेळात ६०० आणि ६०० जुळत नाहीत.

आता तोच अपघात मुद्दाम घडवतात. स्क्रिप्ट १७० वर तोडली. पुन्हा चालवली.

[दृश्य: स्थितीचा रकाना. DONE, DONE, DONE... मग WRITTEN.]

पहिल्या १७० ओळींवर काहीच झालं नाही, उरलेल्या ९० पैकी ८९ लिहिल्या गेल्या. एका ओळीवर CHANGED आहे: जुनं ५००, नवं ६००, अकाउंटात ३५०. सहकाऱ्याने सकाळी माल संपला म्हणून ते बजेट हाताने खाली आणलं होतं. गुणाकाराच्या स्क्रिप्टने ते निमूटपणे ४२० केलं असतं.

[दृश्य: ‘प्रीव्ह्यू’ बटणावर बोट.]

‘आधी प्रीव्ह्यू बघून घ्यायचा ना,’ असं म्हणणारे भेटतातच. बघावाच. पण प्रीव्ह्यू ३० सेकंदांत थांबतो, म्हणजे दिसतो तो सुरुवातीचा तुकडा. शिवाय प्रीव्ह्यूत जाहिरातींच्या अकाउंटला धक्का लागत नसला तरी शीटमध्ये लिहिणं आणि मेल पाठवणं खरोखर घडतं. स्थितीच्या रकान्यात WRITTEN उमटतं आणि अकाउंटात पान हललेलं नसतं. म्हणून शीटला हात लावण्याआधी `AdsApp.getExecutionInfo().isPreview()` तपासतात, आणि कुठलाही निर्णय स्थितीचा रकाना वाचून घेत नाहीत. तो रकाना माणसांसाठी. स्क्रिप्टने विश्वास ठेवायचा तो अकाउंटातल्या आकड्यावर.

[दृश्य: शीटमधल्या तेरा ओळी पिवळ्या होतात.]

या तेरा कॅम्पेनचं बजेट एकच आहे, वाटून घेतलेलं. एका कॅम्पेनमधून ते बदललं की तेराही ठिकाणी बदलतं. जुन्या स्क्रिप्टमध्ये याच एका बजेटवर तेरा वेळा गुणाकार बसायला वाट मोकळी होती, आणि १.२ तेरा वेळा गुणलं की जवळपास १०.७ पट होते. `isExplicitlyShared()` विचारलं की अशी बजेटं ओळखू येतात. पण खरी दुरुस्ती शीटमध्येच आहे: एक ओळ एका बजेटची हवी, एका कॅम्पेनची नको. आयडीचा रकाना बजेटचा झाला आणि २६० ओळींच्या २४८ झाल्या.

आता बेरीज खरी लागते. जुन्या रकान्याची बेरीज १,३०,०००. २० टक्के वाढ म्हणजे नव्याची १,५६,००० यायला हवी.

[दृश्य: बेरजेचा सेल. १,६१,४००. बाई खुर्चीत पुढे सरकते.]

५,४०० जास्त. शोधायला वेळ लागत नाही, फरकावर शीट लावली की ओळ वर येते: ६००च्या जागी ६०००. एक शून्य. हा आकडा वरच्या तीन ओळींच्या तपासणीतून सहज निसटला असता, कारण तिथे जुनं बजेट बरोबर जुळतं. म्हणून पहिली ओळ लिहिण्याआधी स्क्रिप्ट पूर्ण शीट वाचते, आणि एकाही ओळीत नवा आकडा जुन्याच्या दीडपटीपुढे गेला तर एकही ओळ न लिहिता थांबते. ती ओळ वगळून बाकीच्या लिहायच्या नाहीत. जिथे एक शून्य चुकलं तिथे आणखी काय चुकलंय ते आधी बघायचं.

आकड्यांच्या एककाची गडबडही इथेच पकडली जाते. रिपोर्टमधून बजेट काढलं तर ते `amount_micros` म्हणून येतं, म्हणजे दहा लाखपट, ५००चे ५०,००,००,०००. `setAmount` मात्र साधी रक्कम मागतं. जुन्या रकान्यात मायक्रो भरले गेले तर अकाउंटातल्या ५००शी ते जुळतच नाहीत, आणि सगळी शीट CHANGED होऊन बसते. दिसायला भयंकर, पण लिहिलं काहीच गेलेलं नसतं.

बिडलाही हेच चार रकाने चालतात. फक्त आधी कॅम्पेनची बिडिंग स्ट्रॅटेजी बघून घ्या: ऑटोमॅटिक बिडिंगवर असलेल्या कॅम्पेनमध्ये कीवर्डची `Max CPC` बदलून हाती काही लागत नाही.

[दृश्य: ॲड्स एडिटर. ‘शोधा आणि बदला’ची खिडकी.]

मजकुराकडे या. जाहिरातीत ‘१०% सूट’ होतं, ते ‘१५% सूट’ करायचंय. घाईत कुणी १०च्या जागी १५ टाकतं.

[दृश्य: हेडलाइनचा क्लोजअप. ‘१००हून जास्त रंग’चं ‘१५०हून जास्त रंग’ होतं.]

हेडलाइनला ३० अक्षरांची मर्यादा आहे. नवी ओळ त्यात बसते, एडिटर तक्रार करत नाही, आणि जाहिरात खोटं बोलायला लागते. इथेही तोडगा तोच. तुकडा बदलायचा नाही, पूर्ण जुनी हेडलाइन एका रकान्यात, पूर्ण नवी शेजारच्या रकान्यात, आणि अख्खी जुळली तरच बदल. वेगवेगळ्या हेडलाइन सहसा काही डझनच निघतात, त्या एकदा डोळ्यांखालून घालता येतात. ही सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून तशीच सेव्ह मात्र करू नका. जाहिरातीचा बारा आकडी आयडी तिथे `6.12346E+11` असा दिसतो, आणि सीएसव्हीत दिसतं तेच उतरतं. आयडीचा रकाना टेक्स्ट म्हणून आयात करायचा. बदललेल्या जाहिराती पुन्हा तपासणीला जातात, त्यामुळे हे सेलच्या आदल्या रात्री नको.

[दृश्य: सेल संपल्यानंतरची शीट. दोन रकाने जागा बदलतात.]

सेल संपला, बजेट खाली आणायचं. इथे गुणाकारवाले पुन्हा फसतात: ६००मधून २० टक्के काढले की ४८० उरतात, ५०० नाही. चेंज हिस्टरीतून काही बदल मागे घेता येतात, पण ३० दिवसांच्या आतलेच.

बाई जुन्या-नव्याची अदलाबदल करते. जे जुनं होतं ते आता नवं. दीडपटीच्या अटीला खालची बाजूही जोडते, म्हणजे चुकून शून्य बजेट लिहिलं जाऊ नये. आधी पाच ओळींवर चालवते, अकाउंटात जाऊन त्या पाच स्वतः बघते, मग बाकीच्या सोडते.

२३९ ओळींवर WRITTEN, ९ ओळींवर CHANGED. सेलच्या दिवसांत कुणी ना कुणी ही नऊ बजेटं हाताने हलवली होती. त्यांचं ५०० करायचं की आहे तसं ठेवायचं, हे स्क्रिप्टला विचारून उपयोग नाही. चेंज हिस्टरीत प्रत्येक बदल कुणी केला ते दिसतं. बाई नऊ ओळींपुढे नऊ नावं लिहिते आणि फोन उचलते.