४के आणि १४४ हर्ट्झ एका केबलमधून एकत्र का येत नाहीत?

(लातूरमध्ये संगणक दुरुस्ती करणारे आणि फोटो-व्हिडिओ व्यावसायिक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, आज एकच तक्रार घेऊन बसू आणि ती शेवटपर्यंत सोडवू. उदगीरच्या एका स्टुडिओवाल्यांची ती आहे. लग्नाचे अल्बम आणि व्हिडिओ हे त्यांचं काम. त्यांनी २७ इंची ४के मॉनिटर घेतला, १४४ हर्ट्झवाला. लॅपटॉपच्या एचडीएमआय पोर्टमध्ये केबल लावली. ४के ठेवलं की यादीत ६० हर्ट्झच्या वर काही दिसेना. रिझोल्यूशन २५६० गुणिले १४४० केलं की मात्र १४४ हर्ट्झ लगेच मिळत होतं. म्हणजे मॉनिटर ४के दाखवतो आणि १४४ हर्ट्झही दाखवतो, पण दोन्ही एकदम दाखवत नाही. दुकानदाराने केबल बदलून दिली, महागातली. फरक शून्य.

अशा वेळी आपण केबल बदलतो, ड्रायव्हर टाकतो, मॉनिटर परत पाठवायला निघतो. त्याआधी कागद-पेन्सिल घ्या, कारण या तक्रारीचं उत्तर तक्रारीतच आहे. ते कसं, ते बघू.

४के म्हणजे आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके, एकूण जवळपास ८३ लाख. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन रंग आणि प्रत्येक रंगाला ८ बिट, म्हणजे २४ बिट. हे सगळं सेकंदाला ६० वेळा पाठवायचं. गुणाकार केला की सेकंदाला ११.९ गिगाबिट येतात. १४४ वेळा पाठवायचं तर २८.७ गिगाबिट.

पण केबलमधून फक्त दिसणारे ठिपके जात नाहीत. प्रत्येक ओळीनंतर आणि प्रत्येक चित्रानंतर थोडी कोरी जागा पाठवावी लागते, तिला ब्लँकिंग म्हणतात. काचेच्या नळीच्या जुन्या पडद्यांत इलेक्ट्रॉनचा झोत ओळीच्या सुरुवातीला परत जायचा, त्याला वेळ लागायचा, तिथून ही पद्धत आली. आजच्या सपाट पडद्याला इतकी जागा लागत नाही, पण ब्लँकिंग पूर्णपणे गेलेलंही नाही. टीव्हीच्या मानकात ४के ६० साठी प्रत्यक्षात ४४०० गुणिले २२५० एवढ्या ठिपक्यांची वेळ धरतात. म्हणून ११.९ चे होतात १४.२६ गिगाबिट. हा आकडा लक्षात ठेवा.

आता दुसरा मोड, २५६० गुणिले १४४० आणि १४४ हर्ट्झ. संगणकाच्या मॉनिटरला कमी ब्लँकिंगची वेळ वापरतात, ती धरून हिशेब केला तर १४.०८ गिगाबिट येतात.

१४.२६ आणि १४.०८. दिसायला दोन मोड अगदी वेगळे आहेत, एकात चित्र मोठं, दुसऱ्यात वेग मोठा. पण वजनाने ते जवळजवळ सारखे आहेत. साखर कारखान्याला रोज ठरावीक टनच ऊस गाळता येतो, मग तो मोठ्या ट्रॉलीच्या थोड्या खेपांनी येवो की छोट्या बैलगाड्यांच्या जास्त खेपांनी. इथे तेच होतंय. मॉनिटरमध्ये बिघाड असता तर दोन मोड एकाच आकड्यापाशी येऊन थांबले नसते. वाटेत कुठे तरी १४ च्या जरा वर छत आहे.

ते छत एचडीएमआय २.० चं. हे मानक २०१३ साली आलं. त्याच्या खोक्यावर १८ गिगाबिट लिहितात आणि इथेच लोक फसतात. एचडीएमआय २.० मध्ये ८ बिट माहिती पाठवायला तारेवर १० बिट लागतात. म्हणून १८ पैकी चित्रासाठी उरतात १४.४. त्यात १४.२६ बसतं, १४.०८ बसतं. ४के १४४ ला कमी ब्लँकिंग धरूनही ३१ च्या वर लागतात, ते बसायचा प्रश्नच नाही. लॅपटॉपचं पोर्ट २.० चं होतं, मग केबल कितीही महाग आणली तरी पोर्ट तेच राहिलं.

केबल निर्दोष आहे हे आधीच ओळखता आलं असतं. एचडीएमआय २.० च्या पद्धतीत लॅपटॉपला मधल्या केबलची कुवत कळतच नाही. तो मॉनिटरची स्वतःबद्दलची माहिती, म्हणजे ईडीआयडी, वाचतो आणि स्वतःच्या पोर्टची मर्यादा बघून मोडची यादी बनवतो. केबल कच्ची असेल तर मोड यादीत दिसतो, पण निवडल्यावर पडद्यावर ठिणग्यांसारखे ठिपके चमकतात किंवा पडदा काळा होऊन परत येतो. मोड यादीतच नसेल तर दोष केबलमध्ये शोधू नका. डिस्प्लेपोर्ट आणि एचडीएमआय २.१ मध्ये मात्र दोन्ही टोकं आधी एकमेकांशी चाचणी करून वेग ठरवतात. तिथे खराब केबलमुळे वेग खाली उतरू शकतो आणि मोड यादीतून गायबही होऊ शकतो.

खरेदीबद्दल एक सांगतो. पोर्टवर २.१ लिहिलंय म्हणजे ४८ गिगाबिट मिळणार असं समजू नका. २.१ मधल्या बऱ्याच सोयी ऐच्छिक आहेत, त्यामुळे २.० एवढाच वेग असलेलं पोर्टही २.१ या नावाने विकता येतं. विकत घेताना कागदावर ४के आणि १२० किंवा १४४ हर्ट्झ असं स्पष्ट लिहिलेलं शोधा.

आता पुढचा टप्पा. त्या लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट होतं, त्यातून डिस्प्लेपोर्टचं चित्र निघत होतं. मॉनिटरलाही टाइप-सी होतं. एका केबलमध्ये चित्र, चार्जिंग आणि मॉनिटरमागची यूएसबी पोर्टं असं सगळं. त्यांनी ती केबल लावली. ४के पुन्हा ६० वरच अडलं. ते म्हणाले, ‘सर, मॉनिटरच खराब आहे.’

मी विचारलं, आता २५६० गुणिले १४४० ला किती मिळतं? त्यांनी पाहिलं, तर १४४ गेलं होतं आणि १२० उरलं होतं. दुरुस्तीत मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. ४के ६० जसंच्या तसं होतं, म्हणून वरवर काहीच बदललं नाही असं वाटत होतं. पण दुसरा मोड घसरला, म्हणजे छत बदललं होतं. मोजा. कमी ब्लँकिंगमध्ये ४के ६० ला १२.८ लागतात, ते बसले. १४४० मध्ये १२० हर्ट्झला ११.६ लागतात, ते बसले. १४४ ला १४.०८ लागतात, ते बसले नाहीत. म्हणजे नवं छत १२.८ आणि १४ यांच्या मध्ये आहे.

तिथे ओळखीचा एक आकडा आहे, १२.९६. डिस्प्लेपोर्ट १.४ मध्ये चार मार्गिका असतात, प्रत्येकीचा वेग ८.१ गिगाबिट. इथेही ८ ला १० चा हिशेब लागू होतो. त्यामुळे चार मार्गिकांतून चित्राला २५.९२ मिळतात आणि दोन मार्गिकांतून त्याच्या निम्मे, १२.९६. टाइप-सी केबलमध्ये वेगवान जोड्या चारच असतात. मॉनिटरमागच्या पोर्टना यूएसबी ३ चा वेग द्यायचा तर त्यातल्या दोन यूएसबीकडे जातात आणि चित्राला दोनच उरतात.

असा मॉनिटर असेल तर त्याच्या स्वतःच्या मेनूत बघा. बऱ्याच मॉनिटरांत टाइप-सीला प्राधान्य कशाचं, रिझोल्यूशनचं की डेटाच्या वेगाचं, असा पर्याय असतो. नाव कंपनीगणिक वेगळं. इथे तो डेटाच्या वेगावर होता. रिझोल्यूशनवर केला, केबल काढून पुन्हा लावली आणि ४के १२० यादीत आलं. मॉनिटरमागची यूएसबी पोर्टं आता यूएसबी २ च्या वेगाने चालणार. माउस-कीबोर्डला त्याने काही होत नाही, पण लग्नाच्या कार्डमधले फोटो उतरवायला फार वेळ लागेल. म्हणून कार्ड रीडर थेट लॅपटॉपला लावायला सांगितलं.

मग १४४ का नाही? कमी ब्लँकिंगमध्ये ४के १२० ला २५.८ लागतात आणि छत २५.९२ चं आहे, अगदी काठावर बसतं. १४४ ला ३१ च्या वर लागतात. ते डिस्प्लेपोर्ट १.४ वर आणायचं तर डीएससी हवं, म्हणजे तारेवर जाण्याआधी चित्राचं वजन कमी करणारी दाबणी. डिस्प्लेपोर्ट १.४ मध्ये तिची सोय २०१६ पासून आहे. ठिपक्यामागे २४ ऐवजी ८ बिट पाठवले तर ३१ चे साडेदहाच्या आसपास होतात आणि डोळ्यांना फरक सहसा कळत नाही. पण लॅपटॉप आणि मॉनिटर दोघांनाही डीएससी यायला हवं. त्यांच्या लॅपटॉपच्या ग्राफिक्सला ते येत नव्हतं. म्हणून १२० वर थांबलो.

२०१८ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या ४के १४४ मॉनिटरांत डीएससी नव्हतं. त्यांत ८ बिट पूर्ण रंगांत १२० हर्ट्झ मिळायचं, १० बिट रंग हवे असतील तर ९८ वर उतरावं लागायचं, आणि १४४ हवं तर रंगांची माहिती कमी करून पाठवावी लागायची. तिन्ही तडजोडी चित्र २५.९२ च्या आत बसवण्यासाठीच होत्या.

रंगांची माहिती कमी करणं हे तुमच्या धंद्यासाठी नीट समजून घ्या. एचडीएमआय २.० वरही कधी कधी ४के १२० मिळतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. तिथे चार ठिपक्यांना मिळून रंग एकच पाठवलेला असतो, त्याला ४:२:० म्हणतात. चालत्या सिनेमात ते लपून जातं. पण अल्बमवर नाव टाकताना काळ्यावर लाल अक्षरांच्या कडा फिसकटलेल्या दिसतात. विंडोजमध्ये `Advanced display` उघडा. तिथे `Bit depth` आणि `Color format` दिसतात. `RGB` च्या जागी `YCbCr420` असेल तर वेग मिळाला तो रंग देऊन. तिथेच `Desktop mode` आणि `Active signal mode` हे दोन आकडे वेगळे दिसले, तर विंडोज एक चित्र बनवतंय आणि तारेवर दुसरंच जातंय.

एक प्रश्न आला आहे: डिस्प्लेपोर्ट १.४, चारही मार्गिका, ८ बिट, सगळं बरोबर आहे, तरी ४के १२० यादीत येत नाही. तर मॉनिटरच्या ईडीआयडीत १२० साठी कुठलं ब्लँकिंग दिलंय ते बघा. टीव्हीवालं असेल तर त्याच १२० ला २८.५ लागतात आणि ते २५.९२ मध्ये बसत नाही. ग्राफिक्सच्या कंट्रोल पॅनलमध्ये कस्टम रिझोल्यूशन करून कमी ब्लँकिंगची वेळ निवडा, तिला सीव्हीटी-आरबी२ म्हणतात; नुसत्या सीव्हीटी-आरबीत हे १२० बसत नाही. ती निवडून चित्र स्थिर राहतंय का हे थोडा वेळ काम करून बघा. मध्येच पडदा काळा झाला तर मॉनिटरला ती वेळ झेपत नाही किंवा केबल कच्ची आहे. आता मात्र छोटी, चांगली केबल लावून बघायला हरकत नाही.