सगळ्या नळ्यांची एक नळी, आणि मधला फाटा

(मराठवाड्यातल्या एका तंत्रनिकेतनात स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, संपादित करून)

तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी शेती आहे, म्हणून विहिरीपासून सुरुवात करतो. विहिरीवरून शेताला दोन इंची पाइप गेलाय आणि पाणी कमी पडतंय. मग माणूस म्हणतो, अजून एक दोन इंची टाकू, दोन आणि दोन चार, चार इंचीएवढं पाणी येईल. असं होत नाही. लांबी तीच, हेड तेच, पाइपचा खडबडीतपणा तोच धरला, तर एका चार इंचीतून दोन इंचीच्या ५.६६ पट पाणी जातं. दोन दोन-इंची पाइप मिळून एका तीन इंचीचीही बरोबरी करत नाहीत, कारण तीन इंची एकटाच दोन इंचीच्या पावणेतीन पट पाणी नेतो. पैठणहून छत्रपती संभाजीनगरला येणाऱ्या जुन्या लाइनींपैकी एक ७०० मिलिमीटरची, दुसरी १४०० ची. व्यास दुप्पट, म्हणून पाणीही दुप्पट असेल असं वाटतं. पण सारख्या परिस्थितीत तिथेही तेच ५.६६ पट येतं.

हे कुठून येतं? पाण्याच्या वाटेत जे हेड खर्च होतं, त्याचं डार्सी-वाइसबाखचं सूत्र डिस्चार्जच्या रूपात लिहिलं की असं दिसतं:

h = f·L·Q² / (12.1·D⁵)

लांबी एका घाताने, डिस्चार्ज दुसऱ्या घाताने आणि व्यास पाचव्या घाताने. आजचं सगळं गणित या तीन घातांवर उभं आहे. दोन इंचीतून चार इंचीवर गेलं की D⁵ ३२ पट होतो, आणि त्याचं वर्गमूळ ५.६६.

समतुल्य नळी म्हणजे काय, तर जिच्या दोन टोकांमध्ये तेवढ्याच हेडला तेवढंच पाणी वाहील अशी एक कल्पित नळी. ती दुकानात मिळायलाच पाहिजे असं नाही. आपल्याला फक्त गुंता सोडवायचा आहे.

आता उदाहरण वहीत उतरवून घ्या. टेकडीवर मोठा जलकुंभ आहे, त्याला A म्हणू. गावची टाकी खाली, ती D. दोन्हींच्या पाण्याच्या पातळीत १० मीटरचा फरक. A पासून B पर्यंत ९०० मीटर, ३०० मिलिमीटर. B ला लाइन दुभंगते. वरची बाजू ४०० मीटर, २०० मिलिमीटर. खालच्या बाजूला आधी १०० मीटर १५० मिलिमीटरची आणि तिला जोडून २०० मीटर २०० मिलिमीटरची. दोन्ही बाजू C ला पुन्हा एकत्र येतात आणि C पासून D पर्यंत ५०० मीटर, २५० मिलिमीटर. f सगळीकडे ०.०२ धरा.

पहिलं काम म्हणजे सगळं एकाच व्यासाच्या भाषेत आणणं. मी ३०० ची भाषा घेतो. समान पाण्याला समान हेड लॉस व्हायचा असेल, तर लांबीला व्यासांच्या गुणोत्तराच्या पाचव्या घाताने गुणायचं. वरची बाजू २०० ची, गुणोत्तर दीड. दीडचा पाचवा घात ७.५९. म्हणजे २०० च्या ४०० मीटरचा विरोध ३०० च्या ३०३७ मीटरएवढा. खालच्या बाजूला १५० चे १०० मीटर, गुणोत्तर दोन, पाचवा घात ३२, म्हणून ३२०० मीटर. त्यापुढचे २०० मीटर म्हणजे १५१९. हे दोन तुकडे एकामागे एक आहेत, दोन्हींतून तेच पाणी जातं, म्हणून बेरीज सरळ: ४७१९ मीटर. बघा, शंभर मीटरच्या बारीक तुकड्याने एकट्याने तीन किलोमीटर खाल्ले. अशा तुकड्याकडे नेहमी लक्ष ठेवा.

समांतर बाजूंना मात्र बेरजेचा नियम लागू नाही, आणि पेपरात सर्वांत जास्त गुण इथेच जातात. समांतर बाजूंत काय समान असतं? B आणि C दोन्हींना सामाईक, त्यामुळे हेड लॉस दोन्ही बाजूंना एकच. पाणी वाटलं जातं आणि त्याची बेरीज होते. पाणी हे लांबीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणून

1/√Lₑ = 1/√3037 + 1/√4719

पहिलं पद ०.०१८१५, दुसरं ०.०१४५६, बेरीज ०.०३२७. तिचा व्यस्त ३०.५८, वर्ग ९३५ मीटर. म्हणजे B ते C हा सगळा जोड ३०० मिलिमीटरच्या ९३५ मीटर नळीएवढा.

बरोबर आलं की नाही हे कॅल्क्युलेटर पुन्हा न चालवता कसं ओळखायचं? दोन्ही बाजू सारख्या असत्या तर उत्तर एकीच्या बरोबर पाव आलं असतं. दोन वेगळ्या बाजू असतील, तर उत्तर लहानीच्या पाव आणि मोठीच्या पाव यांच्या मधेच पडलं पाहिजे. ३०३७ चा पाव ७५९, ४७१९ चा ११८०. ९३५ मधे आहे. वर्गमूळ घ्यायला विसरलात तर १८४८ येतं आणि ते या पट्टीबाहेर जातं, चूक लगेच पकडली जाते. मी पेपर तपासताना हीच पट्टी वापरतो.

शेवटचा तुकडा २५० चा. १.२ चा पाचवा घात २.४९, म्हणून ५०० मीटरचे १२४४. आता तिन्ही एकामागे एक: ९०० अधिक ९३५ अधिक १२४४, एकूण ३०७९ मीटर, ३०० मिलिमीटर. ही आपली एक नळी. मूळ सूत्रात हेड १० मीटर टाका, Q येतो ०.०६९१ घनमीटर प्रति सेकंद, म्हणजे ६९ लिटर.

इथे एक सावधगिरी. काही पुस्तकांत सूत्र 4fLV²/2gd असं असतं. तिथला f आपल्या f च्या चौथाई असतो, आपला ०.०२ म्हणजे त्यांचा ०.००५. ते सूत्र घेऊन त्यात ०.०२ टाकलात तर हेड लॉस चौपट धरला जातो आणि पाणी निम्मं येतं, ३४.५ लिटर. उत्तर बरोबर निम्मं किंवा दुप्पट आलं, तर आधी इथे शोधा.

आता उलट जायचं. हेड लॉस लांबीच्या प्रमाणात वाटा: A ते B २.९२ मीटर, B ते C ३.०४, C ते D ४.०४. बेरीज १०. पाण्याचं वाटप ०.०१८१५ ला ०.०१४५६ या प्रमाणात, वरून ३८.३ आणि खालून ३०.८ लिटर. मग मूळ नळ्यांत हे आकडे टाकून बघा. वरच्या बाजूत ३.०३ मीटर, खालच्या बाजूत २.०७ अधिक ०.९८ म्हणजे ३.०५. दोन्ही बाजूंचा लॉस जुळला की गणित खरं. हा ताळा केल्याशिवाय पान उलटू नका.

एवढं बहुतेकांना जमतं. खरा प्रश्न पुढे आहे.

C ला एक फाटा आहे. तिथून दोन वस्त्या आणि एका तांड्याची टाकी भरते. वॉलमन रोज दोन तास वॉल उघडतो, आणि तो अशा बेताने उघडतो की फाट्यातून सेकंदाला २० लिटर जावेत. दोन तासांत एक लाख चव्वेचाळीस हजार लिटर, माणशी ५५ लिटरने साधारण २६०० माणसांची सोय. प्रश्न असा: वॉल उघडल्यावर गावच्या टाकीत किती पाणी पडतं?

वर्गात दर वर्षी पहिलं उत्तर येतं, ६९ वजा २०, म्हणजे ४९. दुसरं उत्तर येतं की समतुल्य नळी तीच आहे, म्हणून ६९ च. दोन्ही चुकीची आहेत, आणि चुकीचं मूळ एकच. समतुल्य नळी फक्त अशा दोन बिंदूंमध्ये काढता येते, ज्यांच्या मधे पाणी बाहेरही जात नाही आणि आतही येत नाही. A आणि D च्या मधे आता C ला पाणी बाहेर जातंय. म्हणून ३०७९ मीटरची नळी मोडली. पण सगळं मोडलं नाही. A ते C मधे कुठेही काढ नाही, तो भाग अजूनही १८३५ मीटरची एकच नळी आहे. C ते D १२४४ मीटर. पहिलीत Q वाहतो, दुसरीत Q वजा ०.०२. दोन्हींचा हेड लॉस मिळून १० मीटर. ०.०२ भागिले १२.१ गुणिले ०.३ चा पाचवा घात हे ०.६८ येतं, त्याने १० ला भागलं की १४.७:

1835 Q² + 1244 (Q − 0.02)² = 14.7

सोडवलं की Q येतो ०.०७६५. जलकुंभातून ७६.५ लिटर निघतात, गावच्या टाकीत ५६.५ पडतात. फाट्याने २० घेतले, पण गावचं पाणी साडेबारानेच कमी झालं. उरलेले साडेसात जलकुंभाने जास्त दिले.

का? C च्या पुढे पाणी कमी झालं, म्हणून पुढचा लॉस ४.०४ वरून २.७० वर आला. तेवढंच हेड अलीकडच्या बाजूला मिळालं, A ते C ५.९६ ऐवजी ७.३० मीटर खर्चायला मोकळे झाले, आणि वरून पाणी जास्त ओढलं गेलं. त्याची दुसरी बाजू अशी की C चं हेड १.३४ मीटरने खाली बसलं. C च्या आसपास उंचावर एखादं घर असेल, तर त्या दोन तासांत त्याच्या नळाची धार बारीक होते. तक्रार आली की लाइन फुटली असं म्हणण्याआधी हा हिशेब करा.

B ते C मधलं वाटप मात्र तेच राहतं, प्रमाण बदलत नाही. ७६.५ पैकी वरून ४२.४, खालून ३४.

आता फाटा थोडा हलवा. C ऐवजी तो खालच्या बाजूत, १५० आणि २०० च्या जोडावर न्या. आता ४७१९ ची बेरीजही चालत नाही, कारण त्या दोन तुकड्यांत वेगवेगळं पाणी आहे, आणि त्यामुळे ९३५ ही उरत नाही. वळसा तसाच सोडवावा लागतो, अंदाज धरून दुरुस्त करत. त्यासाठी हार्डी क्रॉस यांची १९३६ ची पद्धत आहे. बीमच्या मोमेंट डिस्ट्रिब्यूशनमध्ये तुम्ही शिकता तेच हे हार्डी क्रॉस. म्हणून गणित हातात आलं की आधी नळ्या मोजू नका, आधी फाटा कुठे आहे ते पेन्सिलीने वर्तुळ करून ठेवा. कुठे नळ्या एकत्र करायच्या आणि कुठे थांबायचं, हे त्या वर्तुळावरून ठरतं. फाट्याच्या टोकाचा वॉल बंद असेल तर तो फाटा कितीही लांब असो, त्यात पाणी वाहत नाही, हेडही खर्च होत नाही. तो खोडून टाका.

आणि फाट्याचं पाणी २० लिटरला बांधलेलं नसेल, वॉल पूर्ण उघडा आणि टोकाला टाकी, तर फाट्याचा डिस्चार्ज C च्या हेडवर ठरतो. मग ते तीन टाक्यांचं गणित होतं: C चं हेड धरायचं, तिन्ही नळ्यांचं पाणी काढायचं, येणारं आणि जाणारं जुळेपर्यंत हेड खालीवर करायचं.

एक मर्यादा सांगून थांबतो. आपण f सगळीकडे एकच धरला, म्हणूनच पाचवा घात इतका स्वच्छ चालला. खऱ्या लाइनीत वीस वर्षांचा गंजलेला बीडाचा पाइप आणि परवा टाकलेला एचडीपीई शेजारी असतात, तेव्हा प्रत्येक तुकड्याच्या लांबीला त्याच्या f च्या गुणोत्तरानेही गुणायचं. हेझन-विल्यम्स वापरत असाल तर घात बदलतात, डिस्चार्जचा १.८५ आणि व्यासाचा ४.८७, आणि समांतर बाजूंत वर्गमुळाच्या जागी ०.५४ वा घात येतो. उद्या येताना हेच गणित फाटा १५० आणि २०० च्या जोडावर नेऊन, दोन फेऱ्या करून आणा.